मूरचा चढता मागणी-वक्र, आणि वक्र उतरता आला तरी न सुटणारा प्रश्न

१९१४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या हेन्री मूर यांनी 'इकॉनॉमिक सायकल्स: देअर लॉ अँड कॉज' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. इकॉनोमेट्रिक्सच्या वर्गात या पुस्तकाचं नाव निघतं ते बहुतेक वेळा हसण्यापुरतं. मूर यांनी अमेरिकेतल्या मका, गवत, ओट आणि बटाटा या चार पिकांचे 'मागणीचे नियम' आकडेवारीतून काढले. चारही ठिकाणी पीक वाढलं की भाव पडतो, असं दिसलं. मग तीच पद्धत त्यांनी पिग आयर्नला, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाला लावली. तिथे उतार अधिक चिन्हाचा आला, ०.५२ च्या आसपास. उत्पादन वाढतं तेव्हा भावही वाढतो. मूर यांनी यावर असं म्हटलं, की हा मागणीचा एक नवाच प्रकार आहे. पिकांचा मागणी-वक्र उतरता असतो, आणि कारखानदारीला लागणाऱ्या मालाचा चढता.

वर्गात इथे हशा पिकतो. पुढच्या स्लाइडवर येतं, 'मूर यांना सापडला तो पुरवठ्याचा वक्र होता', आणि विषय संपतो. माझी तक्रार या स्लाइडबद्दल आहे. तिच्यातून विद्यार्थी जे शिकतात ते साधारण असं: चिन्ह उलटं आलं तर समजा की सायमल्टेनिटीची भानगड आहे, आणि चिन्ह बरोबर आलं तर आपण सुटलो. हा धडा चुकीचा आहे आणि मूर यांच्या चुकीपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण मूर यांची चूक कुणालाही दिसते आणि ही दिसत नाही.

म्हणून आधी हे नीट बघू, की किंमत आणि विक्री एवढे दोनच रकाने घेऊन रिग्रेशन चालवलं तर हातात नेमकं काय येतं.

तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक सौदा झालेली स्थिती आहे. त्या दिवशी, त्या भावाला, इतका माल विकला गेला. विकणाऱ्याने विकला तेवढाच घेणाऱ्याने घेतला. म्हणजे ती एक जोडी एकाच वेळी मागणीच्या वक्रावरही आहे आणि पुरवठ्याच्या वक्रावरही. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू तुम्हाला दिसतो, रेषा दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा बिंदू दिसतो, कारण दोनपैकी निदान एक रेषा हलली. कुठली हलली, हे त्या दोन रकान्यांत कुठेच लिहिलेलं नसतं.

हे समीकरणांत मांडू. सोयीसाठी सगळं सरासरीपासूनच्या फरकात मोजलं आहे, म्हणून स्थिरांक नाहीत.

```
मागणी:   q = -b*p + u
पुरवठा:  q =  c*p + v
```

इथे `q` म्हणजे विक्री, `p` म्हणजे किंमत. `u` मध्ये मागणी हलवणारं सगळं आलं: लोकांचं उत्पन्न, सणवार, पर्यायी मालाचा भाव. `v` मध्ये पुरवठा हलवणारं: पाऊस, मजुरी, कच्च्या मालाची टंचाई. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली की मिळतं:

```
p = (u - v) / (b + c)
q = (c*u + b*v) / (b + c)
```

पहिली ओळ जरा थांबून वाचा. किंमतीच्या आतच `u` बसला आहे. सणामुळे मागणी वाढली की `u` वाढतो आणि त्यामुळेच किंमत वाढते. आता तुम्ही विक्रीचं किंमतीवर रिग्रेशन चालवता तेव्हा एरर टर्म म्हणून `u` बाजूला राहतो आणि किंमतीशी त्याचा संबंध नाही, असं गृहीत धरता. पण किंमत तर त्याच्यापासूनच बनली आहे. पुरवठ्याच्या बाजूने पाहिलं तरी तेच, तिथे `v` किंमतीत बसलेला आहे, फक्त वजा चिन्हाने. म्हणजे रिग्रेशनला तुम्ही 'मागणीचं' म्हणा किंवा 'पुरवठ्याचं' म्हणा, गृहीतक दोन्हीकडे मोडतं.

मग येणारा उतार कुणाचा? मागणीचे आणि पुरवठ्याचे धक्के एकमेकांशी असंबंधित आहेत असं धरलं, तर उत्तर अगदी सुटसुटीत निघतं. `Vu` म्हणजे `u` चा व्हेरिअन्स आणि `Vv` म्हणजे `v` चा:

```
उतार = (c*Vu - b*Vv) / (Vu + Vv)
```

दोन खऱ्या उतारांची, म्हणजे पुरवठ्याच्या `c` ची आणि मागणीच्या `-b` ची, ही वजनी सरासरी आहे. वजनं ठरतात ती कुणाचे धक्के किती मोठे यावरून. मागणी जास्त हलली तर उत्तर पुरवठ्याच्या उताराकडे झुकतं. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण चित्रात बघितलं तर सरळ आहे: मागणीची रेषा वरखाली सरकत राहिली तर छेदबिंदू पुरवठ्याच्या रेषेवरून घसरत जातात.

आता आकडे घालू. धरा `b = 1`, म्हणजे किंमत एकाने वाढली की मागणी एकाने घटते. `c = 0.5`. हे दोन आकडे अजिबात बदलायचे नाहीत. लोकांचं आणि व्यापाऱ्यांचं वागणं तेच राहणार. बदलायचा तो फक्त धक्क्यांचा आकार. पुरवठ्याचा व्हेरिअन्स मागणीच्या चौपट असेल तर उतार येतो (०.५ − ४)/५, म्हणजे −०.७. दोन्ही सारखे असतील तर −०.२५. मागणीचा चौपट असेल तर (२ − १)/५, म्हणजे +०.२. आणि मागणीचा बरोबर दुप्पट असेल तर अंशात १ वजा १ राहतं आणि उतार शून्य. 'किंमतीचा विक्रीवर काही परिणाम होत नाही' असा निष्कर्ष लिहायला सगळी सामग्री तयार, आणि त्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक किंमत बघूनच खरेदी करतोय.

एकाच बाजाराची, एकाच वागणुकीची ही चार उत्तरं. त्यातली दोन वजा चिन्हाची आहेत, म्हणजे 'बरोबर' दिसणारी, आणि दोन्ही मागणीचा खरा उतार सांगत नाहीत. −०.७ आलं तर सुपरवायझरही मान डोलवेल.

यावर हमखास येणारा सवाल असतो, की डेटा वाढवला तर? एकदा स्वतः चालवून बघा. खालचं आर मधलं आहे, दहाच ओळी:

```r
set.seed(7)
n <- 100000
z <- rnorm(n)
u <- 2 * rnorm(n)
v <- 0.8 * z + 0.6 * rnorm(n)
p <- (u - v) / 1.5
q <- (0.5 * u + v) / 1.5
summary(lm(q ~ p))
# तळाच्या ओळीचा खुलासा पुढे आहे
cov(z, q) / cov(z, p)
```

एक लाख निरीक्षणं आहेत. `lm` च्या उत्तरात उतार ०.२ च्या आसपास येईल, स्टँडर्ड एरर इवलासा, आणि शेजारी तीन तारे. निरीक्षणं वाढवल्याने चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढला. खरी मागणी −१ आहे, खरा पुरवठा ०.५ आहे, आणि ०.२ हा आकडा त्या बाजारात कुणाच्याच वागणुकीचा नाही. शेवटच्या ओळीकडे नंतर येऊ.

आता मूर यांच्याकडे परत. त्यांनी रिग्रेशन उलट बाजूने केलं होतं: डावीकडे भावातला टक्केवारी बदल, उजवीकडे उत्पादनातला. 'मग वरचं गणित त्यांना लागू नाही' असं म्हणता येत नाही. बाजू बदलली की छेद बदलतो, पण अंश तोच राहतो, `c*Vu - b*Vv`. म्हणजे चिन्ह तेच राहणार. मात्र या बाजू बदलण्यात एक गंमत आहे, आणि मूर यांची पिकं बरी का निघाली याचं उत्तर तिथेच आहे.

मक्याचा विचार करा. पेरणी झाली, पाऊस पडला किंवा नाही पडला, कापणी झाली. आता बाजारात किती मका येणार हे बऱ्याच अंशी ठरून गेलं. यंदाचा भाव यंदाचं पीक वाढवू शकत नाही. आपल्या समीकरणात याचा अर्थ `c` शून्य, आणि `q` म्हणजे थेट `v`. आता भाव डावीकडे आणि उत्पादन उजवीकडे ठेवून रिग्रेशन केलं, तर उजवीकडचा चल हवामानाने ठरलेला आहे, मागणीच्या धक्क्याशी त्याचा संबंध नाही. उतार येतो `-1/b`, म्हणजे खराखुरा मागणीचा, फक्त उलटा लिहिलेला. त्याच डेटावर विक्री डावीकडे आणि भाव उजवीकडे ठेवला तर `-b*Vv/(Vu + Vv)` मिळतं, जे खऱ्यापेक्षा शून्याच्या जवळ ओढलेलं असतं. तोच मका, तोच भाव, एका दिशेने ठीक, दुसऱ्या दिशेने चूक.

तेव्हा मूर यांना मक्याची मागणी सापडली ती त्यांच्या पद्धतीच्या बळावर नाही. शेतीचं वेळापत्रक असं आहे, की कापणी आधी होते आणि भाव नंतर ठरतो, आणि त्यांनी भाव डावीकडे ठेवला होता. ही माहिती आकड्यांच्या बाहेरून येते. आकड्यांच्या रकान्यांत ती नाही.

कच्च्या लोखंडाचं वेळापत्रक असं नाही. भाव चढला की बंद ठेवलेल्या भट्ट्या पेटवता येतात, भाव पडला की विझवतात. वर्षभराच्या आकड्यांत उत्पादन आणि भाव एकमेकांना ओढत असतात. शिवाय लोखंडाची मागणी कमालीची हलती. रेल्वे आणि बांधकाम तेजीत असलं की सगळ्यांना लोखंड हवं, मंदी आली की कुणालाच नको. म्हणजे `Vu` प्रचंड, `Vv` त्यामानाने लहान. आपल्या सूत्रात हे घाला, अधिक चिन्ह आपोआप येतं. नव्या प्रकारच्या मागणीची गरजच नाही.

मूर यांच्यावर खरी टीका करायची तर ती इथे करायला हवी, आणि वर्गातल्या स्लाइडवर ती नसते. त्यांच्या पुस्तकाचा मुख्य सिद्धांत असा होता: पावसाची चक्रं असतात, त्यामुळे पीक कमीजास्त होतं, पीक चांगलं आलं की एकूण उद्योगधंद्याला चालना मिळते आणि कारखानदारी मालाची मागणी वाढते. म्हणजे लोखंडाची मागणी वर्षागणिक सरकते, हे तर त्यांचं स्वतःचंच म्हणणं! ज्या पुस्तकात मागणी का सरकते याची कहाणी सांगितली, त्याच पुस्तकात मागणी जागेवर उभी आहे असं धरून वक्र काढला. आणखी चुटपूट लावणारी गोष्ट अशी, की त्यांची कहाणी खरी धरली तर पिकांचं उत्पादन हे लोखंडाची मागणी हलवणारं आणि भट्टीच्या खर्चाशी फारसा संबंध नसणारं कारण होतं. म्हणजे लोखंडाचा पुरवठा-वक्र ओळखायची किल्ली त्यांच्याच टेबलावर पडली होती.

किल्ली म्हणजे काय, हे त्यांच्या एका परीक्षणकर्त्याने ओळखलं. फिलिप राइट यांनी १९१५ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि लोखंडाच्या बाबतीत दिसतो तो पुरवठ्याचा वक्र असावा, कारण सरकतेय ती मागणी, हे दाखवून दिलं. १९२७ मध्ये त्याच नियतकालिकात एल्मर वर्किंग यांनी 'सांख्यिकी मागणी-वक्र नेमकं काय दाखवतात?' असा सरळ प्रश्न शीर्षकातच विचारला. आजच्या पाठ्यपुस्तकांतली बिंदूंच्या पुंजक्याची चित्रं त्याच लेखाच्या वळणाची आहेत: पुरवठा जास्त हलला तर पुंजका मागणीसारखा दिसतो, मागणी जास्त हलली तर पुरवठ्यासारखा, आणि दोन्ही सारखे हलले तर कशासारखाच नाही. दोन्हींचे धक्के एकमेकांशी बांधलेले असतील तर काय होतं, याचाही वर्किंग यांनी विचार केला होता. वरच्या माझ्या सूत्रात ते बांधलेले नाहीत असं धरलंय. बांधलेले असतील तर त्यात आणखी एक पद वाढतं आणि 'वजनी सरासरी' हा दिलासाही उरत नाही.

पण पुंजका कशामुळे फसवतो हे कळणं वेगळं आणि त्यातून वक्र बाहेर काढणं वेगळं. ते राइट यांच्याच १९२८ च्या पुस्तकात आलं, तेही परिशिष्टात. 'द टॅरिफ ऑन अॅनिमल अँड व्हेजिटेबल ऑइल्स' हे जकातीवरचं पुस्तक. त्याच्या परिशिष्ट ब मध्ये लोणी आणि जवस यांच्यासाठी ही रीत मांडली आहे. कल्पना अशी, की फक्त एकाच रेषेला हलवणारं एखादं बाहेरचं कारण शोधा. जवसाचं एकरी उत्पादन घ्या. हवामानाने ते कमीजास्त झालं तर पुरवठा हलतो, रंगासाठी जवसाचं तेल घेणाऱ्याची गरज त्याने बदलत नाही. त्या कारणामुळे भाव किती हलला आणि विक्री किती हलली हे मोजा, एकाला दुसऱ्याने भागा. जी हलचाल उरते ती मागणीच्या रेषेवरूनच झालेली असणार. हे परिशिष्ट फिलिप यांचं की त्यांचे आनुवंशिकी-शास्त्रज्ञ चिरंजीव सीवॉल राइट यांचं, यावर बराच काळ वाद होता. २००३ मध्ये स्टॉक आणि ट्रेबी यांनी लेखनशैलीची सांख्यिकी तपासणी करून कौल वडिलांच्या बाजूने दिला.

वरच्या कोडची शेवटची ओळ म्हणजे राइट यांचा हाच भागाकार. `z` फक्त `v` मध्ये आहे, `u` मध्ये नाही. चालवा, −१ च्या अगदी जवळ येईल. त्याच डेटातून, ज्यातून `lm` ने ०.२ दिलं होतं. आणि लक्षात घ्या, या `z` ने मागणी मिळते, पुरवठ्याचा ०.५ त्यातून कितीही हलवलं तरी निघत नाही. पुरवठा हवा असेल तर मागणी हलवणारं दुसरं कारण लागेल. बोलताना आपण यात नेहमी गल्लत करतो, म्हणून सावकाश वाचा: पुरवठा हलवणाऱ्या कारणाने मागणी ओळखता येते, मागणी हलवणाऱ्याने पुरवठा.

आता चिन्ह बरोबर असलेलं उदाहरण. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारातली व्हाइटिंग नावाच्या मासळीची विक्री कॅथरिन ग्रॅडी यांनी गोळा केली. एका व्यापाऱ्याकडची, डिसेंबर १९९१ ते मे १९९२ मधल्या १११ दिवसांची. पुढे अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांच्यासोबतचा २००० सालचा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे, आणि हा डेटा कितीतरी अभ्यासक्रमांत वापरतात. विक्रीच्या लॉगचं किंमतीच्या लॉगवर साधं रिग्रेशन केलं की लवचिकता −०.५४ येते. चिन्ह बरोबर, आकारही पटण्याजोगा. कुणी हसणार नाही.

मग समुद्रावरचं वादळ घ्या. लाटा आणि वारा ठरावीक मर्यादेच्या वर असलेले दिवस 'वादळी'. वादळात होड्या कमी मासळी आणतात, पुरवठा हलतो. वादळी दिवसांत किंमतीचा लॉग सुमारे ०.३४ ने वर जातो, म्हणजे भाव साधारण ४० टक्के चढतो. विक्रीचा लॉग सुमारे ०.३६ ने खाली येतो, म्हणजे विक्री ३० टक्के घटते. भागाकार करा: −१.०८ च्या आसपास. साध्या रिग्रेशनच्या दुप्पट. आपल्या सूत्राप्रमाणे हे असंच व्हायला हवं. मागणीचेही धक्के असल्यामुळे साधा उतार वर, पुरवठ्याच्या दिशेने ओढला गेला होता.

आणि हा फरक शोभेचा नाही. लवचिकता −०.५४ असेल तर भाव वाढवून व्यापाऱ्याची एकूण विक्रीची रक्कम वाढते. −१ च्या पलीकडे असेल तर घटते. बाजारात कुणाचा वरचष्मा आहे, कर लावला तर बोजा कुणावर पडेल, या सगळ्याची उत्तरं त्या एका आकड्यावर पालटतात.

पण इथे उत्साह आवरायला हवा. −१.०८ चा स्टँडर्ड एरर अर्ध्याच्या जवळपास आहे. म्हणजे ९५ टक्क्यांची पट्टी साधारण −२ पासून जवळजवळ शून्यापर्यंत पसरते आणि −०.५४ तिच्या आत आरामात बसतो. 'साधं रिग्रेशन बरोबर निम्म्याने चुकलं' असं या १११ दिवसांवरून ठामपणे म्हणता येत नाही. सेमिनारमध्ये हे उदाहरण सांगताना हा भाग गाळला जातो, ते मला पटत नाही. इन्स्ट्रुमेंट वापरलं की चुकीची दिशा जाते, पण बदल्यात धूसरपणा येतो, कारण आता तुम्ही किंमतीतल्या फक्त वादळाने झालेल्या हलचालीवर अवलंबून आहात. बाकीची हलचाल टाकून दिलीत.

दुसरी गोष्ट तपासायची ती अशी, की वादळाने मागणी खरंच हलत नाही का? समुद्रात वादळ असेल त्या दिवशी शहरातही पाऊस-थंडी असू शकते आणि लोक बाहेर जेवायला जात नसतील. म्हणून त्या लेखात किनाऱ्यावरच्या पावसाचे आणि थंडीचे वेगळे चल घातले आहेत. ही शंका कुठल्याही टेस्टने मिटत नाही. एकच इन्स्ट्रुमेंट असताना ते एरर टर्मशी असंबंधित आहे हे डेटा सांगूच शकत नाही. मासळी बाजार पहाटे कसा चालतो, खरेदीदार कोण, ते किती आधी ठरवून येतात, हे माहीत असणाऱ्या माणसानेच ते पटवून द्यावं लागतं. ग्रॅडी बाजारात स्वतः जाऊन नोंदी घेत होत्या, याचा उपयोग इथे होतो.

हे सगळं आपल्याकडे आणायचं तर कांदा आहेच. ॲगमार्कनेटवर लासलगावची रोजची आवक आणि किमान, कमाल, मॉडल भाव मिळतात, फुकट मिळतात, आणि म्हणून दरवर्षी कुणीतरी आवकीचं भावावर रिग्रेशन करून 'कांद्याच्या मागणीची लवचिकता' काढतं. 'शेतमाल आहे, आवक आधीच ठरलेली असते' हा मक्यावरून उचललेला युक्तिवाद इथे चालेल असं वाटतं. उन्हाळी कांद्याला तो चालत नाही. मार्च ते मे दरम्यान काढलेला कांदा चाळीत जातो आणि पुढे दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडाथोडा बाहेर येतो. आज ट्रॅक्टर बाजारात न्यायचा की नाही, हे शेतकरी कालचा भाव बघून ठरवतो. म्हणजे रोजच्या आकड्यांत `c` शून्य नाही. काढणीचं वार्षिक आकडेमान घेतलं तर गोष्ट वेगळी, पण मग तुमच्याकडे वर्षाला एकच निरीक्षण उरतं.

मग इन्स्ट्रुमेंट शोधू. निर्यातबंदी सुचते: ती मागणी हलवते, तेव्हा तिने पुरवठा ओळखता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये उठली, तारखा स्वच्छ आहेत. पण बंदी का आली? देशात कांदा महाग होत होता म्हणून. ज्या पुरवठ्याच्या तुटवड्याने भाव चढला, त्याच तुटवड्याने बंदी आणली. म्हणजे ती `v` शी बांधलेली आहे आणि इन्स्ट्रुमेंट म्हणून बाद, निदान जशीच्या तशी तरी.

अवकाळी पाऊस त्याहून बरा. पाऊस भाव बघून पडत नाही. तरीही दोन अडचणी आहेत. काढणीच्या वेळी भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून शेतकरी तो लगेच विकायला काढतो. त्या आठवड्यात आवक घटण्याऐवजी वाढू शकते आणि तुटवडा दिसतो तो काही महिन्यांनी. पाऊस आणि आवक यांच्यातलं नातं महिन्यागणिक चिन्ह बदलणार असेल, तर पूर्ण वर्ष एकत्र करून पहिला टप्पा चालवला की परिणाम एकमेकांना खाऊन इन्स्ट्रुमेंट कमकुवत दिसेल. दुसरी अडचण जास्त खोल आहे. लासलगावात बोली लावणारा व्यापारी आज खाण्यासाठी कांदा घेत नाही. भिजलेल्या पिकाची बातमी त्यालाही कळते आणि पुढे भाव चढणार या अंदाजाने चांगल्या मालाला तो आजच जास्त बोली लावतो. म्हणजे पावसाने मागणीही हलली.

अशा वेळी मी तरी बाजार बदलून बघेन. नाशिक जिल्ह्यातला पाऊस घ्यायचा आणि भाव-विक्री दूरच्या शहरातल्या किरकोळ दुकानाची, जिथे घेणारा दोन किलो घेतो आणि साठवत नाही. तिथल्या स्थानिक पावसाचा चल वेगळा घालायचा, ग्रॅडी यांच्या किनाऱ्यावरच्या पावसासारखा. काढणीचे महिने आणि साठवणीचे महिने वेगळे ठेवून पहिला टप्पा आधी बघायचा: नाशिकच्या पावसाने त्या शहरातला भाव किती हलतो, किती दिवसांनी हलतो. तो हललाच नाही तर लवचिकतेचा आकडा काढण्यात अर्थ नाही. भाव मिळेल, पण किरकोळ विक्रीचे आकडे मिळवणं हे खरं जिकिरीचं काम आहे. ॲगमार्कनेटवर ते नाहीत.